एक किलो हायड्रोजनमधून किती वीज?

ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या एका बसचं उद्घाटन झालं. सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी मिळून ती तयार केली होती. त्याआधी २०२०मध्ये पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, याच तंत्रावरच्या मोटारीची चाचणी झाली होती. अशा गाड्यांत इंजिन नसतं. टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये, म्हणजे इंधनघटात, एकत्र येतात. त्यातून वीज निघते, तिच्यावर मोटर फिरते आणि मागच्या नळीतून पाणी व वाफ बाहेर पडते.

अशा घटाची कार्यक्षमता किती, असं विचारलं की वेगवेगळी उत्तरं मिळतात. कुणी ४७ टक्के सांगतं, कुणी ५६, कुणी ५७. घट तोच आणि क्षणही तोच असला, तरी हे तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. ते कुठून येतात हे कळलं, की ‘हायड्रोजनच्या घटाला मर्यादाच नाही’ आणि ‘हायड्रोजनमध्ये निम्मी ऊर्जा वाया जाते’ या दोन्ही विधानांचं खरं वजन आपलं आपल्याला करता येतं. त्यासाठी एक किलो हायड्रोजन घेऊन त्याचा हिशेब शेवटपर्यंत लावू. माप आपल्या वीजबिलातलंच ठेवू. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.

एक किलो हायड्रोजन हवेत पेटवला आणि तयार झालेली वाफ पुन्हा थंड करून तिचं पाणी होऊ दिलं, तर एकूण ३९.४ युनिट उष्णता मिळते. रसायनशास्त्रज्ञ हाच आकडा मोलच्या मापात सांगतात. दोन ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन यांचं अठरा ग्रॅम पाणी होताना २८६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. अभिक्रियेच्या एन्थाल्पीतला फरक तो हाच. तो ΔH असा लिहितात. तापमान आणि दाब जिथून निघाले तिथेच परत आले, तर या अभिक्रियेतून एकूण किती ऊर्जा बाहेर येते, एवढंच तो सांगतो. त्यातली किती कामाला येईल, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी दुसरी एक राशी लागते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७०च्या दशकात तिची मांडणी केली. ती म्हणजे मुक्त ऊर्जा. तिच्यातला फरक ΔG असा लिहितात. पाणी तयार होण्याच्या याच अभिक्रियेसाठी २५ अंश सेल्सिअसला तो २३७ किलोज्यूल भरतो. २८६ आणि २३७ यांच्यातलं नातं पगारपत्रकासारखं आहे. पहिला आकडा एकूण पगाराचा, दुसरा कपात होऊन हातात पडणाऱ्या रकमेचा. कपात ४९ किलोज्यूलची. ती घटातल्या एखाद्या दोषामुळे होत नाही, आणि घट कितीही निर्दोष बनवला तरी टळत नाही.

ही कपात का होते, ते नीट पाहण्यासारखं आहे. अभिक्रियेच्या सुरुवातीला दीड मोल वायू असतो, एक हायड्रोजनचा आणि अर्धा ऑक्सिजनचा. वायूचे रेणू सैरावैरा धावत असतात. या विखुरलेपणाचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. हायड्रोजनची १३०.७ आणि अर्ध्या मोल ऑक्सिजनची १०२.६, मिळून २३३.३ ज्यूल प्रतिकेल्व्हिन. शेवटी उरतं एक मोल द्रवरूप पाणी. त्याची एन्ट्रॉपी जेमतेम ६९.९ आहे. म्हणजे अभिक्रियेत १६३.४ ज्यूल प्रतिकेल्व्हिन एवढी एन्ट्रॉपी कमी झाली. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की विश्वाची एकूण एन्ट्रॉपी कमी होऊ शकत नाही. तेव्हा घटात घटलेली एन्ट्रॉपी निदान तेवढीच भोवतालात वाढली पाहिजे, आणि भोवतालाची एन्ट्रॉपी वाढवण्याचा मार्ग म्हणजे त्याला उष्णता देणं. १६३.४ला २५ अंशांच्या, म्हणजे २९८ केल्व्हिनच्या, तापमानानं गुणलं की ४८.७ किलोज्यूल येतात. तीच आपली कपात.

किलोच्या हिशेबात ३९.४ युनिटांतली ६.७ युनिटं अशी उष्णतेच्या रूपानं द्यावीच लागतात. विजेसाठी उरतात ३२.७. एकाला दुसऱ्यानं भागलं की ८३ टक्के येतात:

η = ΔG / ΔH = २३७ / २८६ ≈ ०.८३

२५ अंशांना हायड्रोजनच्या घटाची ही कमाल मर्यादा. तीही घटातून अतिशय सावकाश, जवळजवळ शून्य प्रवाह घेतला तर. प्रत्यक्षात गाडी चालवायला प्रवाह घ्यावाच लागतो. त्यात काय होतं त्याकडे पुढे येऊ.

आधी एका जुन्या गैरसमजाचा विचार करायला हवा. विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९४मध्ये एका भाषणात सांगितलं होतं, की कोळसा जाळून वाफ करायची, वाफेनं यंत्र फिरवायचं आणि यंत्रानं वीज काढायची, यात बहुतेक ऊर्जा वाया जाते. इंधनाच्या रासायनिक ऊर्जेतून थेट वीज काढणारा घट बनवायला हवा. त्यांचा मुद्दा पक्का होता. उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला फ्रान्सच्या सादी कार्नोनं १८२४मध्ये दाखवलेली मर्यादा असते, आणि ती गरम व थंड टोकांच्या तापमानांवर ठरते. घटात इंधन जळत नाही, त्यामुळे ती मर्यादा त्याला लागू होत नाही. पुढे यावरून ‘घटाला मर्यादाच नाही’ असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. मर्यादा आहे, फक्त ती ΔG आणि ΔH यांच्या गुणोत्तरातून येते.

ओस्टवाल्ड यांच्या डोळ्यांसमोर कोळसा होता. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेत एक मोल वायू आत जातो आणि एक मोल वायूच बाहेर येतो. एन्ट्रॉपी जवळपास बदलत नाही, त्यामुळे कपातही जवळपास नसते. ΔH ३९३.५, ΔG ३९४.४, म्हणजे कागदावर शंभर टक्क्यांच्याही किंचित वर. फॉर्मिक आम्लाच्या घटात तर हे गुणोत्तर १०६ टक्के निघतं, कारण तिथे द्रवापासून वायू तयार होतो, एन्ट्रॉपी वाढते आणि घट भोवतालची उष्णता घेऊन तिचीही वीज करू शकतो. यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुठेच मोडत नाही. वरची ऊर्जा भोवतालातून आलेली असते, एवढंच. हायड्रोजन या बाबतीत मागे पडतो, कारण त्याच्या घटात दीड मोल वायूचा द्रव होतो. कोळशाचा घट मात्र आजतागायत व्यवहारात रुळला नाही. घन इंधन पत्रीपर्यंत वाहून न्यायचं कसं आणि राखेचं काय करायचं, या अडचणी ऊष्मागतिकी सोडवत नाही.

तापमान वाढवलं तर हायड्रोजनची कपात वाढते. कारण साधं आहे: एन्ट्रॉपीतला फरक तापमानानं गुणला जातो. ८०० अंशांवर चालणाऱ्या घन-ऑक्साइड घटात ΔG सुमारे १८९ किलोज्यूलवर येतो, म्हणजे २८६च्या ६६ टक्के. त्याच तापमानाची उष्णता २५ अंशांच्या भोवतालात सोडणाऱ्या कार्नोच्या आदर्श यंत्राची मर्यादा ७२ टक्के आहे. म्हणजे इतक्या तापमानाला कागदावर यंत्रच घटाच्या पुढे जातं. तरीही असे घट बनवले जातात, कारण ८०० अंशांवरची उरलेली उष्णता पुन्हा कामाला लावता येते आणि महागड्या प्लॅटिनमची गरज राहत नाही. गाडीतला घट मात्र साधारण ६० ते ८० अंशांवर चालतो. आपण त्याच्याकडेच राहू.

आता ऊर्जेवरून व्होल्टेजवर येऊ. माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट इथे आहे. हायड्रोजनचा प्रत्येक रेणू घटात दोन इलेक्ट्रॉन देतो, ना कमी ना जास्त. त्यामुळे एक किलो हायड्रोजनमधून ठरावीकच विद्युतभार निघतो: २६,६०० अँपिअर-तास. घट उत्तम असो वा सुमार, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते व्होल्टेज. आणि वीज म्हणजे भार गुणिले व्होल्टेज. म्हणून किलोमागे मिळणारी युनिटं काढायला घटाचं व्होल्टेज २६.६नं गुणलं की पुरे.

उलटं करून पाहू. मुक्त ऊर्जेची ३२.७ युनिटं पूर्ण मिळवायची तर व्होल्टेज १.२३ लागेल. हेच घटाचं आदर्श व्होल्टेज. एन्थाल्पीची ३९.४ युनिटं सगळीच्या सगळी विजेत आली असती, तर व्होल्टमीटरनं १.४८ दाखवलं असतं. तसं कधी होत नाही, पण भागायला तो आकडा फार सोयीचा आहे. चालू घटाच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावा, येईल ते वाचन १.४८नं भागा, आणि घटाची त्या क्षणाची कार्यक्षमता हातात आली. उष्णता मोजायची गरज नाही, इंधन तोलायची गरज नाही. आत गेलेला सगळा हायड्रोजन अभिक्रियेत वापरला गेला पाहिजे, एवढीच अट. काही हायड्रोजन न वापरता बाहेर सोडला जात असेल, तर त्या प्रमाणात आकडा खाली आणावा लागतो.

प्रत्यक्ष घटाला व्होल्टमीटर लावला की पहिलाच धक्का बसतो. बाहेर काहीही जोडलेलं नसताना १.२३ दिसायला हवेत, दिसतात ०.९५ ते १ व्होल्टच्या आसपास. पडद्यातून थोडासा हायड्रोजन पलीकडे झिरपतो आणि तिथे ऑक्सिजनशी परस्पर संयोग पावतो. शिवाय ऑक्सिजनच्या बाजूला प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्साइड तयार होण्यासारख्या इतर क्रियाही चालू असतात. शुद्ध ऑक्सिजनऐवजी हवा वापरल्याचा दोष यात फार थोडा. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण त्यापायी आदर्श व्होल्टेज फक्त ०.०१नं उतरतं.

मग प्रवाह घ्यायला लागा. अगदी थोडा प्रवाह घेतला तरी व्होल्टेज झपाट्यानं ०.८कडे येतं. दोष पुन्हा ऑक्सिजनच्या बाजूचा. हायड्रोजनचे रेणू प्लॅटिनमवर सहज तुटतात. ऑक्सिजनच्या रेणूतला बंध मात्र घट्ट असतो. तो तोडून, चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेऊन त्याचं पाणी करायचं, हे काम प्लॅटिनमलाही जड जातं. ते हव्या त्या वेगानं व्हावं म्हणून घट स्वतःच्याच व्होल्टेजमधून किंमत मोजतो. इंधनघटातलं सर्वांत मोठं नुकसान हेच, आणि महागडा प्लॅटिनमही मुख्यतः याच बाजूला लागतो.

प्रवाह आणखी वाढवला की व्होल्टेज सावकाश, सरळ रेषेत उतरत जातं. हा पडद्याचा रोध. प्रोटॉन ज्या पातळ पॉलिमरच्या पडद्यातून पलीकडे जातात, तो ओला असेल तरच त्यांना वाट देतो. पडदा कोरडा पडू लागला की उतार तीव्र होतो. याउलट प्रवाह फार वाढवला तर तयार होणारं पाणी साचून ऑक्सिजनची वाट अडवतं आणि व्होल्टेज एकदम कोसळतं. दोन्ही दुखण्यांची लक्षणं वेगळी आहेत. पडदा कोरडा असेल तर घट हळूहळू, सातत्यानं मलूल होतो, आणि त्याचा रोध मोजला तर वाढलेला सापडतो. पाणी साचलं असेल तर व्होल्टेज वरखाली उड्या मारतं, आणि हवेचा झोत वाढवून पाणी बाहेर ढकललं की काही क्षणांत सावरतं. गाडीत असे शेकडो घट एकापुढे एक रचलेले असतात. त्यांतला एखादा जरी हायड्रोजनवाचून उपाशी राहिला, तरी बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीनं प्रवाह नेतात, त्याचं व्होल्टेज शून्याखाली जातं आणि त्याच्या पत्रीतला कार्बन झिजू लागतो. म्हणून एकूण व्होल्टेज पाहून भागत नाही, एकेका घटावर लक्ष ठेवावं लागतं.

समजा, आपला घट ०.७ व्होल्टवर चालला आहे. व्यवहारात हा आकडा सर्रास भेटतो. २६.६ला ०.७नं गुणलं की किलोमागे १८.६ युनिट वीज मिळते. ३९.४मधून ६.७ युनिटं एन्ट्रॉपीच्या कपातीत गेली, आणि ३२.७ व १८.६ यांच्यातली १४.१ युनिटं वर सांगितलेल्या नुकसानांत गेली. एकूण २०.८ युनिटांची उष्णता झाली. यातली पहिली कपात निसर्गनियमाची, दुसरी आपल्या तंत्राची, हा भेद माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळांत जी धडपड चालते ती १४.१च्या आकड्याशी. ६.७शी कुणी झगडत नाही.

आता सुरुवातीच्या तीन आकड्यांकडे येऊ. ०.७ला १.४८नं भागलं की ४७ टक्के येतात. पण गाडी बनवणारे बहुधा वेगळा आधार घेतात. ते म्हणतात, आमच्या नळीतून वाफ बाहेर जाते, ती थंड होऊन मिळणारी उष्णता आम्ही वापरतच नाही, तर ती हिशेबात का धरायची? अशा वेळी एक किलो हायड्रोजनची उष्णता ३३.३ युनिट धरतात. याला निम्न उष्मांक म्हणतात, आणि ३९.४ हा उच्च उष्मांक. निम्न उष्मांकाला जुळणारं व्होल्टेज १.२५. ०.७ला त्यानं भागलं की ५६ टक्के. आणि एखाद्यानं मुक्त ऊर्जेलाच आधार मानून १.२३नं भागलं, तर ५७ टक्के.

यांत खोटं कुणीच नाही. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनांचे आकडेही निम्न उष्मांकावरच सांगतात, तेव्हा त्यांच्याशी तुलना करताना ५६ हाच आकडा घ्यायला हवा. गडबड होते ती आधार न सांगता आकडे एकत्र केल्यानं. द्रवरूप पाण्याचा ΔG घ्यायचा आणि त्याला वाफेच्या ΔHनं भागायचं, की सैद्धांतिक मर्यादा ८३वरून ९८ टक्क्यांवर जाते. वरची राशी एका अभिक्रियेची, खालची दुसऱ्या अभिक्रियेची, त्यामुळे हा आकडा निरर्थक आहे. वाफेसाठी दोन्ही राशी वाफेच्याच घेतल्या, तर २२८.६ भागिले २४१.८, म्हणजे ९४.५ टक्के येतात. तोही बरोबर, कारण वायूपासून वायू झाला तर एन्ट्रॉपी कमी घटते. कुठेही कार्यक्षमतेचा आकडा दिसला की पाणी द्रव धरलं आहे की वाफ, हे आधी विचारावं.

इंजिनाशी तुलनेत आणखी एक फरक आहे. पेट्रोलचं इंजिन हळू, ओढ न लागता चालत असलं की त्याची कार्यक्षमता घसरते. घटाचं उलट आहे. भार कमी, तर प्रवाह कमी, तर व्होल्टेज जास्त. थांबत-थांबत चालणाऱ्या शहरातल्या बसचा घट ०.८ व्होल्टवर असेल तर ५४ टक्के, निम्न उष्मांकावर ६४. घाट चढताना तो ०.६५वर आला की ४४ आणि ५२. अगदी कमी भारावर मात्र हवेचा कॉम्प्रेसर आणि पंप यांचा स्वतःचा खर्चच भारी होतो, त्यामुळे संपूर्ण यंत्रणेची कार्यक्षमता मधल्याच कुठल्यातरी भारावर सर्वांत चांगली असते.

घाटातली ही अवस्था गरम प्रदेशात त्रासदायक ठरते. तीनशे घट रचले आहेत, प्रत्येकातून ३०० अँपिअर वाहत आहेत आणि व्होल्टेज ०.६५ आहे, असं धरू. वीज ५८.५ किलोवॅट निघते. पाणी वाफ होऊन गेलं असं मानलं तरी उष्णता ५४ किलोवॅट, म्हणजे विजेइतकीच. डिझेलच्या इंजिनाची बरीचशी उष्णता तापलेल्या धुरातून बाहेर जाते. घटातून बाहेर पडणारी हवा जेमतेम ७०-८० अंशांची असते, तिच्याबरोबर फारशी उष्णता जात नाही. जवळपास सगळा भार रेडिएटरवर येतो. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि घट ७५ अंशांवर, तर उष्णता ढकलायला फक्त ३० अंशांचा फरक उरतो. घट अधिक गरम चालवावा तर पडदा कोरडा पडतो. म्हणून अशा गाडीला इंजिनाच्या गाडीपेक्षा मोठा रेडिएटर लागतो.

हाच हिशेब उलट्या दिशेनंही चालतो. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन मिळवायचा, तेव्हाही आदर्श व्होल्टेज १.२३च असतं, पण त्या व्होल्टेजवर यंत्राला किलोमागे ६.७ युनिट उष्णता बाहेरून घ्यावी लागते. बाहेरची उष्णता न घेता चालायचं तर १.४८ व्होल्ट लागतात, आणि व्यवहारात १.८च्या आसपास. १.८ला २६.६नं गुणलं की किलोमागे जवळपास ४८ युनिट वीज खर्च होते. पंप, वाळवण आणि टाकीत भरण्यासाठी वायू दाबणं यांचा खर्च त्यावर वेगळा. तोच किलो ०.७ व्होल्टच्या घटातून परत वीज झाला, तर १८.६ युनिटं मिळतात. म्हणजे शंभर युनिटं घातली तर ३९ परत, आणि दाबण्याचा खर्च धरला तर त्याहून कमी. लिथियमची बॅटरी शंभरातली साधारण नव्वद परत देते. म्हणून रोज रात्री चार्जिंगला लावता येईल अशा मोटारीसाठी मी हायड्रोजनची बाजू घेणार नाही. लांब पल्ल्याचा ट्रक किंवा बोट, जिथे तेवढ्या बॅटरीचं वजनच परवडत नाही, तिथे या ३९ युनिटांचा विचार करता येतो. आणि तिथेही ती वाढवायची म्हणजे घटाचं व्होल्टेज ०.७च्या वर आणि पाणी फोडणाऱ्या यंत्राचं १.८च्या खाली आणायचं. दोन्हीकडे वाट अडवून बसलेली अभिक्रिया ऑक्सिजनचीच आहे.